घोटा भरून आला, दुखणं राहिलं: एका अंगणवाडी सेविकेचं प्रकरण

ताईंचं वय 43. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात त्या अंगणवाडी सेविका आहेत. ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक तपशील मी बदलले आहेत, दुखण्याचा प्रवास मात्र जसा घडला तसाच आहे. वेदना उपचार केंद्रात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना असे रुग्ण वरचेवर भेटतात. तरी ताईंचं प्रकरण मुद्दाम लिहायला घेतलं, कारण त्यांच्या बाबतीत "जखम भरली आहे" हे पुराव्यानिशी सांगता येत होतं आणि वेदना कुठून येते हेही बऱ्यापैकी दाखवता येत होतं.

ऐन पावसाळ्यात अंगणवाडीच्या ओल्या पायरीवरून त्यांचा उजवा पाय आतल्या बाजूला मुरगळला. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला सूज आली, काळंनिळं पडलं. एक्स-रेमध्ये फ्रॅक्चर नव्हतं. बाहेरच्या बाजूचा लिगामेंट अर्धवट फाटलाय असं निदान झालं आणि तीन आठवडे प्लास्टरची पट्टी लागली. असा लिगामेंट साधारण 6 ते 12 आठवड्यांत चालण्याफिरण्याइतका सांधतो. ताईंचंही सुरुवातीला तसंच झालं. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस सूज गेली होती आणि त्या गृहभेटींना जाऊ लागल्या होत्या.

चौथ्या महिन्यापासून मात्र दुखणं वाढत गेलं. त्याच सुमारास त्यांच्या यजमानांचं ऑपरेशन झालं, रात्रीची जागरणं सुरू झाली, आणि गावातल्या कुणीतरी "घोट्याचं हाड झिजलंय, जपून चाला" असं सांगितलं. ताई टाच न टेकता चालू लागल्या. वेदना घोट्यावरून नडगीवर चढली, मग गुडघ्यापर्यंत आली आणि वर्षभरात डाव्या पायाला व कमरेलाही लागली. तेल, शेक, डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणि घोट्यात एक स्टिरॉइडचं इंजेक्शन असं सगळं करून झालं. इंजेक्शनचा परिणाम आठवडाभर टिकला. माझ्याकडे आल्या तेव्हा पाय मुरगळून 14 महिने झाले होते.

"मॅडम, एमआरआयमध्ये काहीच नाही म्हणतात. मग मी काय खोटं बोलतेय का? साडीचा काठ घासला तरी आग होते. रात्री चादर पायावर घेता येत नाही. आमच्या सासूबाई म्हणतात, हिच्या मनातच बसलंय."

साडीच्या काठाचं हे वाक्य माझ्या लेखी त्या दिवशीची सगळ्यात मोठी माहिती होती. कापडाचा हलका स्पर्श वाहून नेणारे मज्जातंतू आणि इजेची खबर नेणारे मज्जातंतू वेगवेगळे असतात. स्पर्शाच्या वाटेने निघालेली खबर शेवटी वेदना म्हणून जाणवत असेल, तर वाटेत कुठेतरी बदल झालेला असतो. तो बदल घोट्यातला आहे की त्याच्या वरचा, हे तपासायचं होतं.

आधी घोटाच तपासला

वेदना मज्जासंस्थेकडून वाढवली जातेय असं म्हणण्याआधी दुसरी सरळ कारणं बाजूला काढावी लागतात. ही पायरी गाळली तर निदानाला काही अर्थ राहत नाही. सांधा पुढे ओढून आणि तिरपा करून पाहिला. दोन्ही घोटे सारखेच घट्ट होते, म्हणजे लिगामेंट सांधलेला होता. एमआरआयमध्येही तेच दिसत होतं: लिगामेंट थोडा जाड झालेला, नवी फाट नाही, हाडाला सूज नाही.

दुसरा संशय सीआरपीएसचा होता. हातापायाच्या इजेनंतर होणारा हा वेदनेचा आजार वेगळा ओळखावा लागतो. त्यात दुखरा पाय दुसऱ्यापेक्षा गरम किंवा थंड लागतो, रंग बदलतो, सूज येते, घाम जास्त येतो, नखं आणि केस वेगळे वाढतात. ताईंचे दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहिले, हाताच्या मागच्या बाजूने तापमान पाहिलं, टेपने घेर मोजला. फरक नव्हता आणि घरीही असा फरक कधी दिसल्याचं त्यांना आठवत नव्हतं. तिसरा संशय मज्जातंतू दाबला गेल्याचा. तसं असतं तर त्या मज्जातंतूच्या ठरावीक पट्ट्यात बधिरपणा असता आणि त्यावर टिचकी मारली की मुंग्या पुढे धावल्या असत्या. इथे दुखरा भाग कुठल्याच एका मज्जातंतूच्या हद्दीत बसत नव्हता. ताप, वजन घटणं, लघवीवरचा ताबा जाणं यातलं काही नव्हतं. आमच्या डॉक्टरांनी साखर, थायरॉइड, बी12, ड जीवनसत्त्व आणि ईएसआर तपासून घेतलं. ड जीवनसत्त्व कमी होतं. ते भरून काढलं, वेदनेत फरक पडला नाही.

मग वेदनेची वाट तपासली

कापसाचा बोळा दुखऱ्या भागाच्या बराच वरून, गुडघ्याकडून घोट्याकडे हलक्या हाताने फिरवत आणला. नडगीच्या मध्यापाशी ताईंनी पाय मागे घेतला. तिथून पावलाच्या वरच्या भागापर्यंत कापूस "चटका दिल्यासारखा" लागत होता. दुखापत घोट्याच्या बाहेरच्या बाजूला झाली होती, नडगीला कधीच काही झालेलं नव्हतं. ही हद्द मी पेनने त्यांच्या पायावर आखली आणि फोटो काढून ठेवला.

नंतर दाब मोजण्याचं यंत्र लावलं. अल्गोमीटर म्हणतात त्याला. त्याच्या रबरी टोकाने हळूहळू दाब वाढवत जायचं आणि दाबाची जाणीव दुखण्यात बदलली की रुग्णाने थांबवायचं. उजव्या घोट्यावर ताईंनी दर चौरस सेंटिमीटरला 1.2 किलोवर थांबवलं. डाव्या नडगीवर 1.9 आणि उजव्या हातावर कोपराखाली 1.6. हात तर कधी दुखत नव्हता, तरी इतक्या कमी दाबाला तो दुखला. फक्त घोटा हळवा असता तर दोष घोट्यात शोधला असता. सगळं अंगच कमी दाबाला दुखू लागतं तेव्हा घोटा, नडगी आणि हात या सगळ्यांच्या खबरा जिथे पोहोचतात त्या मज्जारज्जूकडे आणि मेंदूकडे बघावं लागतं.

सगळ्यात बोलकी ठरली ती टोचण्याची चाचणी. बोथट टोकाने एकदाच टोचून किती दुखलं ते दहापैकी आकड्यात विचारायचं. मग त्याच जागी, तेवढ्याच जोराने, सेकंदाला एक अशा दहा टोचण्या द्यायच्या आणि शेवटची किती दुखली ते विचारायचं. सगळ्यांनाच शेवटची टोचणी थोडी जास्त लागते. ताईंच्या डाव्या हातावर 2 चे 4 झाले. उजव्या पावलावर 3 चे 8 झाले, आणि टोचणं थांबवल्यावरही जवळपास मिनिटभर आग होत राहिली. टोचणी तीच, जोर तोच, तरी वेदना दर सेकंदाला वर चढत गेली. त्वचेत नवं काहीच घडत नव्हतं, बेरीज आत कुठेतरी होत होती.

25 प्रश्नांची एक प्रश्नावलीही भरून घेतली. झोप, थकवा, वास व उजेड सहन न होणं, डोकेदुखी असे प्रश्न तिच्यात असतात. 100 पैकी 40 किंवा त्याहून जास्त गुण आले तर अशा संवेदनशीलतेची शक्यता धरतात. ताईंना 58 आले. या आकड्यावर मी फार भिस्त ठेवत नाही. दाबाच्या किंवा टोचण्याच्या चाचण्यांशी त्याचा मेळ कमी बसतो, माणसाच्या मानसिक ताणाशी जास्त बसतो. झोपेची आणि थकव्याची विचारपूस सुटू नये, इतका त्याचा उपयोग.

आत काय घडतं

पायाकडून येणारे मज्जातंतू पाठीच्या मणक्यांमधल्या मज्जारज्जूत शिरतात आणि तिथल्या पेशींना निरोप देतात. त्या पेशी तो पुढे मेंदूकडे पाठवतात. इजेची खबर नेणारे बारीक तंतू पुन्हा पुन्हा पेटत राहिले की ग्लुटामेट आणि सबस्टन्स पी ही रसायनं तिथे ओतली जातात. एरवी त्या पेशींवरची एनएमडीए नावाची दारं मॅग्नेशियमच्या कणांनी बुजलेली असतात. सततच्या माऱ्याने तो कण निघतो, कॅल्शियम आत शिरतं, आणि पेशी स्वतःची रचना बदलते. पृष्ठभागावर ग्रहण करणारी आणखी ठिकाणं तयार होतात आणि थोड्याशा निरोपालाही ती जोरात उत्तर देते. स्पर्शाचे जाड तंतू आधीही तिच्यापर्यंत पोहोचत होते, पण त्यांचा निरोप तिला पेटवायला अपुरा पडत होता. आता तो पुरतो. साडीचा काठ दुखतो तो असा. शेजारच्या भागातले पूर्वी न पोहोचणारे निरोपही पोहोचू लागतात, म्हणून वेदना नडगीवर चढते.

याला केंद्रीय संवेदनशीलीकरण, सेंट्रल सेन्सिटायझेशन म्हणतात. 1983 साली क्लिफर्ड वुल्फ यांनी लंडनमध्ये उंदरांवर हे दाखवलं. पायाला इजा केल्यावर मज्जारज्जूतून निघणारी प्रतिक्रिया कमी उत्तेजनालाही येऊ लागली, आणि इजेची जागा भूल देऊन बंद केली तरी ती वाढ मावळली नाही. माणसांमधला पुरावा मला त्याहून विलक्षण वाटतो. 1992 मध्ये स्वीडनचे टोरेब्यॉर्क आणि अमेरिकेचे लामोट यांच्या गटाने स्वयंसेवकांच्या मज्जातंतूत बारीक सुई ठेवून स्पर्शाचे तंतू विजेने उत्तेजित केले. स्वयंसेवकांना त्वचेच्या एका ठिपक्यावर नुसता स्पर्श जाणवला. मग त्या ठिपक्याशेजारी मिरचीतलं कॅप्सेसिन टोचलं. त्याचा हळवेपणा पसरत ठिपक्यापर्यंत आला, तेव्हा तेवढ्याच विजेने तिथे वेदना जाणवू लागली. वीज थेट मज्जातंतूत दिलेली असल्यामुळे त्वचेचा त्यात काही भाग नव्हता. बदल मज्जातंतूच्या पलीकडे, आतच झालेला होता.

मिरचीने आलेला हा हळवेपणा काही तासांत निवळतो. बहुतेक दुखापतींनंतरचाही निवळतो, आणि तोवर तो उपयोगी असतो, कारण दुखतं म्हणून आपण जखमेला जपतो. तो निवळायला मदत करणारी एक व्यवस्था मेंदूच्या देठात असते. तिथून मज्जारज्जूकडे खाली येणारे तंतू वेदनेचा निरोप दाबून ठेवतात. झोप मोडली, काळजी वाढली, शरीराची हालचाल थांबली की ही दाबणी कमकुवत होते. ताईंच्या चौथ्या महिन्यात या तिन्ही गोष्टी एकदम आल्या होत्या. दुखणं मनातून आलं असा याचा अर्थ होत नाही. पायरीवरून घसरून लिगामेंट फाटला होता, त्याने मज्जारज्जूतला बदल सुरू केला, आणि तो बदल मावळायच्या वेळेला मावळू शकला नाही.

इथे एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. जिवंत माणसाच्या मज्जारज्जूतली ही पेशी दवाखान्यात कुणाला मोजता येत नाही. आमच्या सगळ्या चाचण्या अंदाजाच्या आहेत. शिवाय आतला बदल दरवेळी स्वतःच्या बळावर चालू राहतो असंही नाही. गुडघा झिजलेल्या अनेक रुग्णांमध्ये अंगभर पसरलेला हळवेपणा सांधा बदलल्यावर कमी झालेला दिसतो, म्हणजे तिथे झिजलेला सांधाच तो पोसत होता. म्हणून ताईंच्या बाबतीतही पोसणारं काही उरलंय का, हे पाहत राहणं भाग होतं.

उपचार

पहिली भेट सगळी समजावण्यात गेली. सासूबाईंनाही बोलावलं होतं. पेनने आखलेली हद्द, टोचण्याचे आकडे, एमआरआय हे सगळं समोर ठेवलं. सासूबाईंना मी म्हटलं, "आत्या, एकदा घरात चोर शिरून गेला की राखणीचं कुत्रं पुढे कित्येक रात्री पानाच्या सळसळीलाही भुंकतं. भुंकणं खरंच असतं, चोर मात्र नसतो." त्या म्हणाल्या, "मग त्याला मारून काय उपयोग, सवय मोडायला पाहिजे." यापुढे मला फार सांगावं लागलं नाही. नुसत्या समजावण्याने वेदना मोठ्या प्रमाणात उतरत नाही. पण पाय टेकला तर लिगामेंट पुन्हा फाटेल ही भीती गेल्याशिवाय पुढची एकही पायरी चढता येत नाही.

डायक्लोफिनॅक बंद केलं. ते मुख्यतः जखमेच्या जागची सूज व दाह कमी करतं आणि इथे दाह उरलेला नव्हता, वर पोटाला त्रास होत होता. डॉक्टरांनी रात्री 10 मिलिग्रॅम अ‍ॅमिट्रिप्टिलिन सुरू केलं, तीन आठवड्यांनी 25 केलं. वर सांगितलेल्या दाबणीच्या तंतूंना ते बळ देतं आणि झोपही सुधारतं. ताईंचं तोंड कोरडं पडायचं आणि सकाळी जडपणा यायचा. गोळी झोपताना घेण्याऐवजी रात्री आठला घेतल्यावर जडपणा कमी झाला. काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असलेल्यांना हे औषध चालत नाही, तेव्हा दुसरं निवडावं लागतं. कुणी हे वाचून परस्पर गोळी सुरू करू नये.

त्वचेच्या सवयीसाठी दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं पायावर कापड फिरवायला सांगितलं. आधी जुनी मऊ सुती साडी, मग टॉवेल, शेवटी गोणपाट. सुरुवात हद्दीच्या बाहेरून करायची आणि रोज बोटभर आत यायचं. कमीत कमी भार टाकणारे व्यायाम मुद्दाम हातांपासून सुरू केले, कारण निरोगी माणसाची वेदना व्यायामाने काही वेळ उतरते, पण अशा रुग्णांत दुखऱ्या भागाचाच व्यायाम केला तर ती उलट वाढते. न दुखणाऱ्या स्नायूंपासून सुरुवात केली की बऱ्याच जणांना ते सोसतं.

चालणं घड्याळावर बांधलं. ताईंना 12 मिनिटांनी वेदना दोन आकड्यांनी चढायची, म्हणून सुरुवात 8 मिनिटांवर केली. बरं वाटलं तरी 8, दुखलं तरी 8. दर चौथ्या दिवशी एक मिनिट वाढवायचं. दुखलं की थांबायचं हा नियम इथे चालत नाही. तो पाळला की चालण्याचा प्रत्येक प्रयत्न वेदनेवर संपतो आणि मेंदूला तेवढीच जोडी शिकायला मिळते.

तिसऱ्या महिन्यात पल्स पोलिओची फेरी आली. दिवसभर घरोघर फिरल्यावर रात्री ताईंचं दुखणं 8 वर गेलं. दुसऱ्या दिवशी त्या रडतच आल्या: "सगळं केलेलं वाया गेलं." घोटा पुन्हा तपासला. सूज नव्हती, सांधा घट्ट होता, दाबाचा आकडा मात्र 1.0 वर उतरला होता. ही उसळी होती, इजा नव्हती. दोन्हींतला फरक ओळखायला त्यांना शिकवलं. नवी इजा असेल तर काहीतरी ठळक घडलेलं असतं, सूज येते, त्या एका जागी वजन टाकता येत नाही. उसळीत जुनाच सगळा भाग पेटतो आणि तीन-चार दिवसांत हळूहळू खाली येतो. उसळीच्या काळात चालणं बंद करायचं नाही, दोन-तृतीयांशावर आणायचं, असं ठरलं. चौथ्या दिवशी वेदना 5 वर आली.

नवव्या महिन्यात पेनची हद्द पुन्हा आखली. कापूस आता फक्त घोट्याच्या बाहेरच्या बाजूला, तळहाताएवढ्या जागेत बोचत होता. हातावरचा दाब 1.6 वरून 2.7 झाला, पावलावरच्या दहा टोचण्या 3 वरून 5 वर थांबल्या. चालणं 35 मिनिटं. वेदनेचा आकडा 7 वरून 3 वर आला, शून्य झाला नाही. थंडीत आणि झोप मोडल्यावर तो अजूनही 5 वर जातो, आणि हे ताईंना पहिल्याच महिन्यात स्पष्ट सांगितलेलं होतं. पट्ट्याची चप्पल त्या पुन्हा घालू लागल्या. अ‍ॅमिट्रिप्टिलिन 10 वर आणलं, अजून बंद केलेलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी त्या डाव्या टाचेचं दुखणं घेऊन आल्या. "तेच कुत्रं आता इकडे भुंकायला लागलं," असं त्यांनी स्वतःच निदान केलं होतं. तपासलं तर सकाळचं पहिलं पाऊल टाकताना टाचेखाली एकाच जागी कळ येत होती, चार पावलांनी कमी होत होती, कापूस लागत नव्हता, टोचणी चढत नव्हती. हे तळपायाच्या पडद्याचं साधं दुखणं होतं, नवं आणि टाचेतलंच. त्यावर पोटरीचे ताण, टाचेखाली मऊ गादी आणि काही दिवस कमी उभं राहणं असा नेहमीचा उपचार केला. उजव्या पायाच्या कागदांमध्ये ती नोंद मी वेगळी लावली, म्हणजे पुढच्या वेळी तपासणारा आधीचं निदान वाचून टाचेला हात लावायचा थांबणार नाही.